तुक्का वजा करून किती उरले?

‘मॉक कसा गेला?’ या प्रश्नाला स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले एका आकड्यात उत्तर देतात. ‘बहात्तर आले’, ‘यावेळी चौसष्टवर अडकलो’. आकडा वाढला की आठवडा चांगला जातो, घटला की अभ्यासिकेतून लवकर उठून घरी जावेसे वाटते. पण त्या आकड्यात खरोखर येणारे प्रश्न किती, नशिबाने लागलेले किती, येत असूनही वेळेअभावी सुटलेले किती आणि ठाम खात्री असतानाही चुकलेले किती, हे सगळे एकत्र कालवलेले असते. ते वेगळे काढल्याशिवाय उद्या सकाळी कोणता अभ्यास करायचा हे ठरत नाही आणि महिन्यानंतर आपण पुढे सरकलो की नाही हेही कळत नाही.

हे वेगळे काढायचे कसे, ते एकाच पेपरवर पाहू. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, म्हणजे सीसॅट. परीक्षेचे नाव आता ‘महाराष्ट्र राजपत्रित नागरी सेवा संयुक्त पूर्व परीक्षा’ असे लांबलचक झाले असले, तरी मुलांच्या तोंडी ती अजून राज्यसेवाच आहे. सीसॅटमध्ये ८० प्रश्न, २०० गुण आणि दोन तास. बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकीच्या उत्तराला त्याचा चौथा हिस्सा वजा. निर्णयक्षमतेच्या मोजक्या प्रश्नांना मात्र नकारात्मक गुण नाहीत. हा पेपर आता फक्त पात्रतेचा आहे. ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण मिळवायचे. ते मिळाले नाहीत तर सामान्य अध्ययनात कितीही गुण असोत, त्यांचा उपयोग होत नाही. त्यामुळे या पेपरात ‘बहुतेक होईल’ असे म्हणून चालत नाही. आपले ६६ पक्के आहेत की नाही, हे परीक्षेच्या आधी माहीत असायला हवे.

पेपर सोडवतानाच खूण करा

विश्लेषणाची सुरुवात पेपर संपल्यावर होते, असे बहुतेकांना वाटते. खरे तर ती पेपर सोडवतानाच करावी लागते. आपण एखादे उत्तर खात्रीने दिले की चाचपडत, हे दोन तासांनंतर आठवत नाही. उत्तरतालिकेत ते बरोबर निघाले की ‘हे मला येतच होते’ असे मन आपोआप ठरवून टाकते.

म्हणून प्रश्नपत्रिकेवर, प्रश्नाच्या क्रमांकाशेजारी, गोल रंगवतानाच एक छोटी खूण करायची. खात्री असेल तर बरोबरची खूण. दोन पर्याय बाद झाले आणि उरलेल्या दोनांत अडलो असू, म्हणजे फिफ्टी-फिफ्टी, तर प्रश्नचिन्ह. काहीच कळले नाही आणि तुक्का मारला, तर शून्य. प्रश्न आधी कुठे पाहिलेला असेल, क्लासमध्ये सरांनी सोडवून दाखवलेला असेल, तर त्याभोवती चौकट. एका खुणेला एक सेकंदही लागत नाही. पण या खुणा नसतील तर पुढचे सगळे विश्लेषण अंदाजावर उभे राहते.

आता एका मुलीचा पेपर घेऊ. ही मुलगी उदाहरणासाठी कल्पिलेली आहे, पण असे पेपर दर रविवारी टेस्ट सिरीजमध्ये दिसतात. हिशोब सोपा राहावा म्हणून निर्णयक्षमतेचे पाच प्रश्न बाजूला ठेवू. उरलेल्या ७५ प्रश्नांपैकी तिने ५८ सोडवले. ३२ बरोबर आले, २६ चुकले, १७ कोरे राहिले. ३२ बरोबरचे ८० गुण, त्यातून २६ चुकांचे सव्वासोळा वजा, म्हणजे ६३.७५.

खुणांप्रमाणे हेच गुण वेगळे केले की चित्र बदलते. खात्रीची खूण ३० प्रश्नांवर होती. त्यातले २३ बरोबर, ७ चूक. या गटातून सुमारे ५३ गुण मिळाले. फिफ्टी-फिफ्टीचे १४ प्रश्न होते. ६ बरोबर, ८ चूक, हातात १० गुण. तुक्क्याचेही १४. त्यातले ३ लागले, ११ चुकले आणि मिळकत जेमतेम अर्धा-पाऊण गुण.

तेव्हा तिचा खरा आकडा ५३ आहे. त्याच्या वर जे आहे ते थोडे अर्धवट ज्ञानाचे आणि थोडे नशिबाचे. पण तिने सगळ्यात जास्त लक्ष द्यायचे ते खात्री असूनही चुकलेल्या ७ प्रश्नांकडे. जे येत नाही हे माहीत आहे, ते माणूस कधीतरी वाचतो. जे येते असे वाटते पण चुकते, त्याकडे तो वळतही नाही. परीक्षेच्या दिवशीही तो ते प्रश्न तेवढ्याच आत्मविश्वासाने चुकवतो.

नशीब किती मोठे असते?

‘एकदोन तुक्के लागले तर काय मोठेसे?’ असे वाटू शकते, म्हणून हा हिशोब एकदा करून पाहावा. चार पर्यायांत डोळे मिटून एक निवडला, तर चारांत एक बरोबर येणार. १४ तुक्क्यांत सरासरी साडेतीन. प्रत्यक्षात कधी दोन लागतात, कधी पाच. दोन लागले आणि बारा चुकले, तर अडीच गुण उलट जातात. पाच लागले आणि नऊ चुकले, तर जवळपास सात गुण मिळतात. दोन किंवा त्याहून कमी लागण्याची शक्यता साधारण चारांत एक आहे. पाच किंवा त्याहून जास्त लागण्याचीही जवळपास तेवढीच.

याचा अर्थ, अभ्यासात काडीचाही फरक न पडता या मुलीचे गुण एका रविवारी ६१ आणि पुढच्या रविवारी ७० येऊ शकतात. पहिल्या रविवारी ती रडेल, दुसऱ्या रविवारी पेढे वाटेल. दोन्ही वेळा ती आहे तिथेच असेल. प्रगतीचा आलेख म्हणून आपण भिंतीवर जो कागद चिकटवतो, त्यातले बरेचसे चढउतार असे असतात.

तुक्का मारूच नये, असा याचा अर्थ नाही. चौथा हिस्सा वजा होणाऱ्या परीक्षेत अंध तुक्काही सरासरीने किंचित फायद्याचा ठरतो आणि दोन पर्याय बाद करता आले तर उत्तर देणे निश्चितच फायद्याचे असते. परीक्षेत ते जरूर करावे. मात्र घरी हिशोब मांडताना ते गुण वेगळ्या रकान्यात ठेवावेत.

उत्तरतालिका उघडण्याआधी पुन्हा सोडवा

पेपर संपला की हात सर्वांत आधी उत्तरतालिकेकडे जातो. तिथे थांबावे. अर्धा तास विश्रांती घेऊन तोच पेपर पुन्हा हातात घ्यावा. या वेळी घड्याळ लावायचे नाही. कोरे सोडलेले, प्रश्नचिन्हाचे आणि शून्याचे सगळे प्रश्न शांतपणे सोडवायचे. खात्रीच्या प्रश्नांवरून एकदा नजर फिरवायची. नवी उत्तरे वेगळ्या शाईने लिहायची, जुनी खोडायची नाहीत. त्यानंतरच उत्तरतालिका उघडायची.

वेळेच्या दबावाखाली न सुटलेला प्रश्न आणि मुळातच न येणारा प्रश्न यांतला फरक एवढ्यानेच कळतो. आपल्या उदाहरणात बुद्धिमापन आणि अंकगणिताचे २५ प्रश्न होते. तिने १४ सोडवले, ८ बरोबर आले, ६ चुकले, ११ कोरे राहिले. ‘माझे गणित कच्चे आहे’ असे तिने ठरवूनच टाकले होते. पण घड्याळ न लावता बसल्यावर कोऱ्या ११ पैकी ७ प्रश्न तिने बरोबर सोडवले आणि चुकलेल्या ६ पैकी २ दुरुस्त झाले. म्हणजे २५ पैकी १७ प्रश्न तिला येत होते.

मग परीक्षेत काय झाले? तिने पेपर पहिल्या प्रश्नापासून क्रमाने सोडवला. उताऱ्यांत वेळ गेला आणि बुद्धिमापनाचा मोठा भाग शेवटच्या वीस मिनिटांत आला. बैठकव्यवस्थेच्या एका कोड्यात सहा मिनिटे गेली, ते सुटले नाही आणि त्यामागचे शेकडेवारीचे, नातेसंबंधांचे सोपे प्रश्न वाचायचेही राहून गेले. ८० प्रश्नांना १२० मिनिटे म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. सहा मिनिटांत चार प्रश्नांचा वेळ संपतो. अशा मुलीने गणिताची तीन जाडजूड पुस्तके आणली असती, तर दोन महिने त्यात गेले असते आणि पुढच्या पेपरातही तेच ११ प्रश्न कोरे राहिले असते. तिला गरज होती ती पेपर सोडवण्याचा क्रम बदलण्याची आणि दोन मिनिटांत न सुटणारा प्रश्न सोडून पुढे जाण्याची.

विषय नव्हे, प्रश्नाचा प्रकार शोधा

आता उताऱ्यांकडे वळू. सीसॅटचा मोठा भाग उताऱ्यांचा असतो, साधारण पन्नास प्रश्न. तिने त्यातले ४४ सोडवले, २४ बरोबर आले, २० चुकले. एकूण २६ चुकांपैकी २० इथल्या होत्या, तरी तिचे लक्ष गणिताकडे होते. कोरे प्रश्न डोळ्यांना खुपतात, भरलेले आणि चुकलेले तितके खुपत नाहीत.

पण ‘उतारे कच्चे आहेत’ एवढ्याने काही करता येत नाही. उताऱ्यावर विचारलेल्या प्रश्नांचे प्रकार पाडावे लागतात. माहिती थेट उताऱ्यात असलेले १४ प्रश्न होते. त्यातले ११ बरोबर आले. लेखकाचा रोख, शीर्षक, अनुमान अशा स्वरूपाचे १४ होते. त्यांत ६ बरोबर, ५ चूक, ३ कोरे. उरलेले २२ प्रश्न ‘खालीलपैकी कोणती विधाने बरोबर आहेत?’ या प्रकारचे. त्यांत ७ बरोबर, १२ चूक, ३ कोरे. संपूर्ण पेपरातल्या जवळपास निम्म्या चुका एकाच प्रकारच्या प्रश्नात निघाल्या. खात्री असूनही चुकलेल्या सातपैकी पाच प्रश्नही याच प्रकारचे होते.

यानंतर त्या १२ चुका एकेक करून पुन्हा वाचायच्या आणि प्रत्येकीपुढे कारण लिहायचे. कारण एका ओळीत आणि नेमके हवे. ‘लक्ष नव्हते’ हे कारण चालत नाही. ‘सिली मिस्टेक’ तर अजिबात नाही. तिच्या १२ चुकांची कारणे अशी निघाली. पाच ठिकाणी विधान जगाच्या दृष्टीने खरे होते पण उताऱ्यात कुठेच नव्हते. चार ठिकाणी ‘केवळ’, ‘सर्व’, ‘नेहमी’ असा शब्द नजरेतून निसटला. दोन ठिकाणी प्रश्नात ‘असत्य विधान’ विचारले होते आणि तिने सत्य निवडले. एका ठिकाणी उताराच समजला नव्हता.

अशी चूक जवळून कशी दिसते, हे पाहण्यासाठी त्याच धर्तीचा एक छोटा नमुना घेऊ. उतारा असा: ‘ठिबक सिंचनामुळे पिकाला लागणाऱ्या पाण्यात बचत होते. मात्र वाचलेल्या पाण्यावर जिथे आणखी जमीन ओलिताखाली आणली जाते, तिथे भूजलाचा एकूण उपसा कमी होतोच असे नाही.’ विधाने तीन. (अ) ठिबक सिंचनामुळे भूजलाचा उपसा कमी होतो. (ब) बचत झालेले पाणी काही ठिकाणी नवीन क्षेत्रासाठी वापरले जाते. (क) ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना ठिबक सिंचन फायद्याचे ठरते.

शेतकऱ्याच्या घरातली मुलगी इथे अ आणि क दोन्ही निवडण्याची शक्यता मोठी. ठिबकने पाणी वाचते हे तिने लहानपणापासून पाहिले आहे, उसाला ठिबक करा असे कृषी खाते सांगते हेही तिला माहीत आहे. पण अ विधान उताऱ्यातल्या ‘कमी होतोच असे नाही’ या शब्दांवर पडते आणि उसाचा उताऱ्यात उल्लेखच नाही. बरोबर फक्त ब. तिचे ज्ञान चुकीचे नव्हते, ते उताऱ्याबाहेरचे होते. हे एकदा कळले की उपायही ठरतो. प्रत्येक विधानासमोर त्याला आधार देणाऱ्या ओळीचा क्रमांक लिहायचा. ओळ सापडली नाही तर विधान बाद, मग ते कितीही खरे असो.

दोन ठिकाणी ‘असत्य’ हा शब्द निसटला, त्यावरचा उपाय आणखी सोपा. प्रश्न वाचतानाच ‘असत्य’, ‘अयोग्य’, ‘नाही’ या शब्दांना गोल करायचा. यालाच मुले सिली मिस्टेक म्हणतात आणि ‘ते चार गुण धरूनच चाला’ म्हणून मनातल्या मनात बेरजेत मिळवतात. तीच चूक तीन पेपरांत तीनदा झाली, तर तिला किरकोळ म्हणायचे कारण उरत नाही. ती सवय आहे आणि परीक्षा हॉलमध्ये आपण आपल्या सवयी बरोबर घेऊनच जातो.

वही कशी असावी

हे सगळे एका साध्या वहीत मावते. आडवी पाने घ्यावीत. रकाने सात: प्रश्न क्रमांक, प्रकार, सोडवताना केलेली खूण, निकाल, पुन्हा सोडवल्यावर काय झाले, चुकीचे कारण आणि उपाय. बरोबर आलेले खात्रीचे प्रश्न लिहायची गरज नाही, त्यांची फक्त संख्या लिहावी. आपल्या उदाहरणातल्या पेपरासाठी साधारण पन्नास ओळी होतील. दोन तासांच्या पेपरला तीन तासांचे विश्लेषण लागते. ज्यांना हे जास्त वाटते ते आठवड्याला तीन मॉक देतात आणि तिन्हींत त्याच चुका करतात. दर आठवड्याला एक पेपर आणि त्याची पूर्ण वही, हे प्रमाण बऱ्याच जणांना झेपते.

प्रकारांची यादी छोटी ठेवावी. उताऱ्यांचे तीन, बुद्धिमापनाचे पाच-सहा, अंकगणिताचे चार-पाच. चाळीस प्रकार पाडले तर प्रत्येकात एकेक प्रश्न पडतो आणि काहीच दिसत नाही. दुसरी काळजी, एका पेपरवरून निष्कर्ष काढायची घाई करू नये. विधानांचे २२ प्रश्न एका पेपरात असतील तर ते पुरेसे आहेत. पण घनाकृती ठोकळ्यांचे दोनच प्रश्न आले आणि दोन्ही चुकले, तर त्यातून फारसे कळत नाही. तसे प्रकार तीन-चार पेपरांची बेरीज झाल्यावरच तपासावेत.

जुने पेपर जपून वापरा

राज्यसेवेला सीसॅट २०१३ पासून आहे. म्हणजे आयोगाचे अस्सल पेपर डझनभरच आहेत. एवढाच साठा असताना बरीच मुले तयारीच्या पहिल्या महिन्यात ते सगळे ‘चाळून’ टाकतात. चाळलेला पेपर पुन्हा मोजमापाला चालत नाही. उतारा एकदा वाचलेला असला की दुसऱ्यांदा तो निम्म्या वेळात समजतो आणि गुण दहा-पंधराने वाढतात. ती वाढ आठवणीची असते.

म्हणून साठ्याचे दोन भाग करावेत. जुन्या वर्षांचे पेपर सरावासाठी. ते फोडावेत, त्यातले विधानांचे प्रश्न वेगळे काढून सलग सोडवावेत, हवे तितके वेळा. अलीकडचे चार पेपर मोजमापासाठी राखून ठेवावेत, त्यांना हातही लावू नये. दर पाच-सहा आठवड्यांनी त्यातला एक काढायचा. तोही परीक्षेसारखाच द्यायचा. सकाळी सामान्य अध्ययनाचा पेपर, दुपारी सीसॅट, कारण प्रत्यक्षात सीसॅट दुपारच्या थकव्यातच सोडवावा लागतो. सकाळी ताज्या डोक्याने दिलेल्या सीसॅटचे गुण फसवे असतात. उत्तरपत्रिकेची छापील प्रत घेऊन गोलही त्याच दोन तासांत रंगवायचे. मध्ये फोन आला, चहा आला म्हणून घड्याळ थांबवले, तर तो पेपर सरावाचा समजावा आणि मोजमापाच्या यादीतून काढून टाकावा.

उत्तरतालिका तपासतानाही दोन चुका नेहमी होतात. आयोग परीक्षेनंतर पहिली उत्तरतालिका देतो, उमेदवारांच्या हरकती येतात आणि मग अंतिम उत्तरतालिका निघते. त्यात काही उत्तरे बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. पहिल्या उत्तरतालिकेवरून तपासले, तर आपले बरोबर उत्तर चुकीचे ठरू शकते आणि आपण नसलेला दोष शोधत बसतो. दुसरी चूक संचाची. ए, बी, सी, डी संचांत प्रश्नांचा क्रम वेगळा असतो. एका संचाच्या पेपरला दुसऱ्या संचाची उत्तरतालिका लावली, तर गुण अचानक खूप खाली येतात. असे झाले तर हताश होण्याआधी मुखपृष्ठावरचा संच पाहावा.

क्लासच्या मॉकचा उपयोग आहे, पण वेगळा. वेळेचा सराव, थकव्याचा सराव, अनोळखी प्रश्नांची सवय यासाठी ते चांगले. मात्र दोन वेगवेगळ्या टेस्ट सिरीजचे गुण एका रेषेवर मांडू नयेत. एकीचे उतारे लांब असतात, दुसरीचे गणित अवघड असते. या रविवारी ५८ आले आणि पुढच्या रविवारी ७१, यातला किती फरक आपला आणि किती पेपर काढणाऱ्याचा, हे सांगता येत नाही. एकाच सिरीजमधल्या पेपरांची तुलना करावी आणि तीही एकूण गुणांपेक्षा प्रकारवार अचूकतेची. खासगी उत्तरतालिकांतही चुका असतात. उत्तर पटले नाही तर पुस्तक काढून खात्री करावी.

पाच आठवड्यांनंतर

आपल्या उदाहरणातल्या मुलीने पाच आठवडे दोनच गोष्टी केल्या. जुन्या पेपरांतले विधानांचे प्रश्न ओळक्रमांक लिहून सोडवले आणि पेपरचा क्रम बदलला. सुरुवातीची अर्धा तास बुद्धिमापनातले सोपे प्रश्न, मग उतारे, उरलेल्या वेळात कोडी. त्यानंतर राखून ठेवलेला एक पेपर दिला.

पुन्हा ७५ प्रश्नांचाच हिशोब करू. ५९ सोडवले, ३६ बरोबर, २३ चूक, एकूण ७५.६ गुण. विधानांचे १८ प्रश्न सोडवले, त्यातले ११ बरोबर आले. आधी १९ पैकी ७ होते. खात्रीची खूण ३४ प्रश्नांवर होती, त्यातले २८ बरोबर, ६ चूक. नुसत्या खात्रीच्या प्रश्नांतून ६६.२५ गुण. तुक्क्याचे १२ होते, त्यातले दोनच लागले आणि सव्वा गुण उलट गेला.

खरी प्रगती इथे दिसते. नशिबाने साथ दिली नाही, तरी खात्रीचा आकडा ५३ वरून ६६ वर गेला आणि प्रथमच पात्रतेच्या रेषेला टेकला. पण वही आणखीही सांगते. बुद्धिमापन आणि अंकगणितात ८ ऐवजी ९ प्रश्न बरोबर आले. क्रम बदलून कोरे प्रश्न ११ वरून ८ वर आले खरे, पण चुका ६ वरून ८ झाल्या. म्हणजे वेळ मिळाला, तो घाईत गेला. खात्रीने चुकलेले प्रश्नही ७ चे ६ च झाले. पुढचे पाच आठवडे कुठे घालवायचे, हे या दोन ओळींनी ठरवले. एकूण ७५ गुणांवर खूश होऊन तिने सीसॅट बाजूला ठेवले असते, तर परीक्षेच्या दुपारी थोडा कठीण पेपर आला असता आणि तो एका गुणाचा चौथा हिस्सा पुरला नसता.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. वही चूक दाखवते, विषय शिकवत नाही. पुन्हा सोडवतानाही एखादा प्रकार सुटत नसेल, तर तिथे पेपर देणे थांबवून मूळ पुस्तकाकडे किंवा शिकवणाऱ्याकडे जावे लागते. शिवाय कोणत्या प्रकारचे किती प्रश्न येतील हे दरवर्षी थोडे बदलते. जुन्या पेपरांवरून आपला कच्चा भाग कळतो, पुढच्या वर्षीचा पेपर कळत नाही.

म्हणून या रविवारी मॉक देणार असाल, तर तीन गोष्टी करा. सोडवताना खुणा करा. उत्तरतालिका उघडण्याआधी पुन्हा सोडवा. आणि वहीत एकूण गुणांच्या वर, ठळक अक्षरांत, नुसत्या खात्रीच्या प्रश्नांचे गुण लिहा. हा आकडा ६६ च्या पुढे, दहा-बारा गुणांच्या फरकाने, सलग तीन अनोळखी पेपरांत राहिला, तर तुमचे सीसॅट झाले असे समजा. तोवर झाले नाही.